मधपेटी उघडताना उकाड्यात कोणता पोशाख घालावा? तीन थरांची जाळी, बुरखा आणि हातमोज्यांमागचं गणित

मार्च महिन्यातली सकाळ. बदलापूरच्या आजूबाजूला जांभळाच्या झाडांना मोहोर येऊ लागलेला असतो. त्या मोहोरावर मधमाश्यांची ये-जा सुरू झालेली असते. मधपेटी ठेवणाऱ्यासाठी वर्षातले हे महत्त्वाचे दिवस. मध भरतोय का, राणी अंडी घालतेय का, वसाहतीला जागा कमी पडतेय का, हे पाहण्यासाठी दर आठ-दहा दिवसांनी पेटी उघडावी लागते.

नेमका याच दिवसांत या पट्ट्यातला पारा चढतो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरं समुद्रापासून आत आहेत आणि पूर्वेला डोंगररांगा आहेत. मार्च-एप्रिलमध्ये जमिनीवरून येणारे पूर्वेचे कोरडे वारे जोरात असले की समुद्राकडचा गार वारा इथे उशिरा पोहोचतो. मुंबईत दुपारी थोडी झुळूक सुटलेली असते, तेव्हा बदलापुरात तापमान चाळिशीला टेकलेलं असतं.

अशा हवेत अंगभर जाड पांढरा पोशाख, डोक्यावर जाळी आणि हातात कातडी मोजे घालून तास-दीड तास वाकून काम करायचं. डंख टाळण्यासाठी घातलेला पोशाखच मग त्रास देऊ लागतो. घाम डोळ्यांत जातो, चक्कर येते, हात सैल पडतात. यावर उपाय म्हणून गेल्या काही वर्षांत 'हवेशीर' म्हणजे व्हेंटिलेटेड पोशाख बाजारात आले आहेत. त्यांची किंमत साध्या सुती पोशाखाच्या कित्येक पट असते. हा पोशाख नेमका काम कसा करतो, तो कुठे कमी पडतो आणि विकत घेताना काय तपासायचं, ते समजून घेऊ.

माशी पोळं थंड कसं ठेवते?

या प्रश्नापासून सुरुवात करण्याचं कारण आहे. पोशाखाचं सगळं गणित याच उत्तरात आहे.

पिल्लं वाढत असलेल्या भागाचं तापमान मधमाश्या साधारण 34 ते 35 अंश सेल्सिअस राखतात. बाहेर 40 अंश असले तरी. त्यासाठी कामकरी माश्या पाणी आणतात, त्याचे बारीक थेंब पोळ्यात पसरवतात आणि पंख हलवून हवा खेळती ठेवतात. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते, ओली हवा दारातून बाहेर जाते आणि पोळं थंड राहतं. उकाड्यात पेटीच्या दाराशी रांगेत उभ्या राहून पंख मारणाऱ्या माश्या दिसतात, त्या हेच काम करत असतात.

माणसाचं शरीरही असंच थंड होतं. आपल्या त्वचेचं तापमान साधारण 35 अंशांच्या आसपास असतं. बाहेरची हवा त्याहून थंड असेल, तर नुसता वारा लागला तरी अंगातली उष्णता निघून जाते. पण हवा 38 अंशांची असेल, तर वारा उलट आपल्यालाच तापवतो. तेव्हा शरीरापाशी एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम सुकण्याचा. घाम नुसता येऊन उपयोग नाही. तो सुकायला हवा आणि त्याची वाफ अंगापासून दूर जायला हवी.

साधा जाड सुती किंवा पॉलिस्टर-सुती मिश्रणाचा पोशाख इथेच आडवा येतो. आतली हवा काही मिनिटांत ओलसर होते. ओल्या हवेत घाम सुकत नाही, तो नुसता ओघळतो. शरीर थंड होत नाही म्हणून आणखी घाम सुटतो. पाणी आणि मीठ जातं, पण थंडावा मिळत नाही. पेटीच्या दारात बोळा कोंबून माश्यांना आत अडकवलं तर जे होईल, तेच पोशाखाच्या आत माणसाचं होतं.

घाम आणि डंख यांचा संबंध

सुती पोशाखाची दुसरी अडचण त्याहून थेट आहे. साधं कापड डंख अडवतं ते मुख्यतः सैल असल्यामुळे. कापड आणि त्वचा यांच्यात हवेची फट असेल, तर माशीची नांगी कापडातून आत शिरली तरी त्वचेपर्यंत पोहोचत नाही. पण घामाने कापड पाठीला, खांद्याला, मांडीला चिकटलं की ही फट नाहीशी होते. तिथे नांगी थेट टोचते. म्हणून सकाळी सात वाजता सुरक्षित वाटणारा पोशाख दहा वाजता तसा राहत नाही, कापड तेच असलं तरी.

यावर जुना उपाय म्हणजे आत जाड शर्ट आणि जीन्स घालायची, वरून पोशाख चढवायचा. दोन थरांतून डंख सहसा लागत नाही, पण उकाडा दुप्पट होतो. महाबळेश्वरसारख्या 1,300 मीटरहून अधिक उंचीच्या ठिकाणी ते चालून जातं. महाराष्ट्रातलं संघटित मधमाशीपालन बरंचसं त्याच थंड डोंगरी भागात रुजलं. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे आणि 2022 मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालेलं मांघरही त्याच तालुक्यातलं. तिथली कामाची सवय उल्हास नदीच्या खोऱ्यातल्या उकाड्यात जशीच्या तशी उतरवता येत नाही.

तीन थरांची युक्ती काय आहे?

हवेशीर पोशाखाचं कापड हे खरं तर कापडापेक्षा जाळीच असतं. त्यात तीन थर असतात. बाहेर एक मजबूत, मोठ्या छिद्रांची जाळी. मध्ये स्पंजासारखा किंवा उभ्या धाग्यांनी विणलेला जाड, भोकाभोकांचा थर. आणि आत त्वचेच्या बाजूला पुन्हा एक मऊ जाळी. शाळेच्या दप्तराच्या पाठीला, स्पोर्ट्स शूजना किंवा दुचाकीच्या सीट कव्हरला जी फुगीर 'एअर मेश' लावलेली असते, त्याच जातीचं हे कापड.

हे कापड नांगीला अडवत नाही, लांब ठेवतं. पेटीत पाळल्या जाणाऱ्या सातेरी किंवा मेलीफेरा माशीची नांगी साधारण दोन ते अडीच मिलिमीटरची असते. आग्या माशीची सुमारे तीन मिलिमीटरची. माशी बाहेरच्या जाळीवर बसते आणि नांगी आत खुपसते. तिन्ही थरांची मिळून जाडी पाच-सहा मिलिमीटर असेल, तर नांगी मधल्या थरातच संपते. त्वचेपर्यंत पोहोचतच नाही. हवा मात्र छिद्रांतून आरपार जाते, घामाची वाफ बाहेर पडते.

म्हणजे सुती पोशाखात जी फट घामामुळे नाहीशी होत होती, ती इथे कापडातच विणलेली असते. हे कापड अंगाला चिकटलं तरी फट कायम राहते. त्यामुळे आत जाड कपडे घालायची गरज उरत नाही. एक पातळ सुती बनियन आणि पातळ पायजमा पुरतो. हवेशीर पोशाख घेऊन आत जीन्स घालणारा माणूस पैसे वाया घालवतो, कारण आतलं जाड कापडच घामाची वाट अडवतं.

मग हा पोशाख कुठे कमी पडतो?

पहिली जागा म्हणजे जिथे कापड दाबलं जातं तिथे. गुडघा टेकला, उकिडवं बसलं, खांद्यावर पेटी घेतली की मधला फुगीर थर चपटा होतो. पाच मिलिमीटरचं कापड दोनवर आलं तर नांगी पोहोचते. म्हणून चांगल्या पोशाखात गुडघ्यावर आणि कधी कोपरावर जाड कापडाचा वेगळा तुकडा शिवलेला असतो. ढुंगणावरचं कापडही उकिडवं बसताना ताणून चपटं होतं. त्यासाठी पोशाख मापापेक्षा एक आकडा मोठा घेणं हा सोपा उपाय आहे.

दुसरी जागा म्हणजे शिवण. तिन्ही थर मशीनखाली जिथे शिवले जातात, तिथे ते दाबून पातळ झालेले असतात. खांद्याच्या माथ्यावरून किंवा गुडघ्याच्या मधोमध शिवण गेली असेल, तर तीच डंखाची रेघ ठरते. शिवण बाजूला, बगलेखाली आणि पायाच्या आतल्या-बाहेरच्या कडेला असलेली बरी.

हा मुद्दा या पट्ट्यासाठी खास आहे. उल्हासनगर जीन्स शिवण्यासाठी ओळखलं जातं. जाड कापड शिवणारी मशीन, चेन, इलॅस्टिक आणि कारागीर इथे जवळच मिळतात. त्यामुळे पोशाख शिवून घेण्याचा किंवा फाटलेला दुरुस्त करून घेण्याचा विचार कुणाच्याही मनात येईल. तो वाईट नाही. फक्त जीन्स शिवणाऱ्या कारागिराची सवय शिवण घट्ट आणि सपाट करण्याची असते, आणि इथे नेमकं तेच नको असतं. थर कमीत कमी दाबले जातील असा लांब टाका, उसवू नये म्हणून कडेला पायपिंग आणि शिवणीच्या जागेचा आधी विचार, एवढं सांगावं लागतं.

शिवाय डेनिमचे उरलेले तुकडे वापरायचा मोह टाळावा. डेनिममधून डंख सहसा लागत नाही हे खरं. पण ते घाम पितं, जड होतं, सुकत नाही. आणि गडद रंगाच्या, केसाळ किंवा खरखरीत वस्तूंवर माश्या जास्त चिडतात. पोशाख पांढरा किंवा फिकट असण्याचं कारण फक्त ऊन परतवणं एवढंच नाही.

तिसरी मर्यादा हवेची. जाळी स्वतः वारा तयार करत नाही. झाडांच्या दाटीत किंवा चारही बाजूंनी भिंती असलेल्या गच्चीच्या कोपऱ्यात हवा थांबलेली असेल, तर छिद्रं असूनही वाफ बाहेर जात नाही. आणि हवेतच ओलावा जास्त असेल, तर घाम सुकण्याचा वेग तसाही मंदावतो. मार्चमधली 38 अंशांची कोरडी सकाळ आणि मे महिन्याच्या शेवटची 34 अंशांची दमट सकाळ यांत अंगाला जास्त जड जाते ती बहुतेक वेळा दुसरी. हवेशीर पोशाखाचा सर्वांत जास्त फायदा कोरड्या आणि वाऱ्याच्या दिवशी होतो, दमट आणि निवांत दिवशी सर्वांत कमी.

बुरखा: गोल की तलवारबाजाचा?

चेहऱ्यापुढच्या जाळीचे मुख्यतः दोन प्रकार मिळतात. पहिला गोल बुरखा. यात काठ असलेली टोपी असते आणि तिच्या काठावरून जाळी चारही बाजूंनी खाली सोडलेली असते. दुसरा तलवारबाजीच्या मुखवट्यासारखा, हुडला समोर अर्धगोल जाळी शिवलेला. चेन उघडली की हा मागे पाठीवर टाकता येतो, म्हणून पाणी प्यायला सोयीचा.

उकाड्यात दोघांमधला फरक कामाला लागल्यावर कळतो. गोल बुरख्यात टोपीचा काठ चेहऱ्यावर सावली धरतो आणि जाळी नाक-कान-मानेपासून लांब राहते. चारही बाजूंनी वारा लागतो. तोटा असा की वाऱ्यात टोपी हलते आणि पेटीवर वाकलं की पुढे घसरते.

तलवारबाजाचा बुरखा हलत नाही, समोरचं जास्त स्पष्ट दिसतं. पण त्याला आत ताठ ठेवणारी तार किंवा पट्टी कमजोर असेल, तर वाकल्यावर जाळी नाकाला आणि कपाळाला टेकते. घामाने ती तिथेच चिकटते. मग जाळीबाहेर बसलेली माशी नाकाच्या शेंड्यावर डंख मारू शकते. अनेकांना चेहऱ्यावरचा डंख बुरख्याच्या आत माशी शिरल्यामुळे बसला असं वाटतं. प्रत्यक्षात जाळी टेकल्यामुळे तो बाहेरून बसलेला असतो. हे टाळायला आत काठाची साधी टोपी घालावी. तिचा पुढचा काठ जाळीला दोन-तीन बोटं लांब ढकलून ठेवतो आणि कपाळावरचा घामही शोषतो.

जाळीचा रंग ही छोटी वाटणारी पण रोज जाणवणारी गोष्ट. समोरची जाळी काळी हवी. पांढरी जाळी उन्हात चमकते आणि तिच्यापलीकडचं धूसर दिसतं. फ्रेममधल्या घरात अंडं आहे की नाही हे पाहायचं असतं. ते तांदळाच्या कणीहूनही बारीक, पांढरं असतं. ते दिसत नाही म्हणून माणूस फ्रेम चेहऱ्याजवळ नेतो, पेटी जास्त वेळ उघडी राहते आणि माश्या चिडतात.

बुरख्यातली सर्वांत कच्ची जागा मात्र जाळीत नसते. बुरख्याची चेन आणि छातीची चेन गळ्यापाशी जिथे भेटतात, तिथे एक लहानशी फट राहते. तिच्यावर वेल्क्रोची झडप असते. ती नीट दाबलेली नसेल, तर माशी चालत आत जाते. पेटीकडे जाण्यापूर्वी दुसऱ्या कुणाकडून ही जागा तपासून घ्यावी. एकटं असाल तर बोटाने चाचपून पाहावी. माशी आत शिरलीच, तर तिथल्या तिथे बुरखा उघडायचा नाही. आधी पेट्यांपासून लांब जायचं.

हातमोजे: जाड म्हणजे सुरक्षित नव्हे

हातमोज्यांबाबत सर्वांत मोठा गैरसमज हा की जाड मोजा जास्त वाचवतो. पेटीतलं काम बोटांच्या टोकांनी करायचं असतं. फ्रेम अलगद सोडवायची, दोन माश्यांच्या मधून धरायची, परत हळू बसवायची. कातड्याचा मोजा बोटापुढे एक सेंटिमीटर लोंबत असेल, तर त्याखाली माश्या चिरडतात. चिरडलेल्या किंवा डंख मारलेल्या माशीकडून एक वास सुटतो. त्यातला मुख्य घटक आयसोपेंटाइल ॲसिटेट. पिकलेल्या केळ्यासारखा हा वास इतर माश्यांसाठी धोक्याची घंटा असतो. म्हणजे ढिला जाड मोजा डंख अडवतो आणि तोच आणखी डंख ओढवूनही घेतो.

मोजा घालून पाहताना बोटाच्या टोकाशी अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त मोकळी जागा नको. मूठ वळली तर पाठीवर कातडं ताणून पातळ व्हायला नको. सोपी परीक्षा म्हणजे मोजा घालून टेबलावरचं एक रुपयाचं नाणं उचलून पाहावं. उचलता आलं तर फ्रेमही नीट धरता येईल.

प्रकार मुख्यतः तीन. शेळीच्या मऊ कातड्याचा मोजा डंख चांगला अडवतो. पण तो घाम पितो, नीट धुता येत नाही आणि जुन्या डंखांचा वास त्यात साचून राहतो. दुसरा, घरात भांडी घासायला वापरतात तसा रबरी मोजा. तो धुता येतो आणि स्पर्शही बरा कळतो, पण हवा अजिबात जात नाही. अर्ध्या तासात आत घामाचं पाणी साचतं. तिसरा, पातळ नायट्राइल मोजा. त्यातून स्पर्श सर्वांत चांगला कळतो, पण नांगी आरपार जाऊ शकते. तो शांत वसाहतींसाठीच ठीक.

उकाड्यासाठीच्या मोज्यांत पंजा कातड्याचा आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग तीन थरांच्या जाळीचा असतो. हा बदल छोटा असला तरी उपयोगी आहे. मनगटाच्या आतल्या बाजूला रक्तवाहिन्या त्वचेलगत असतात. तिथून घाम सुकला तर हातच नाही, अंगही थोडं सुखावतं. फक्त वरचं इलॅस्टिक कोपराच्या वर घट्ट बसायला हवं. हात लांब करून फ्रेम उचलताना बाही मागे सरकली आणि मोजा खाली घसरला, तर मध्ये मनगटाची पट्टी उघडी पडते. हातावरचे बरेच डंख तिथेच बसतात.

माशी कोणती, त्यावर पोशाख ठरतो

कोकणात आणि सह्याद्रीत पेटीत मुख्यतः सातेरी माशी पाळली जाते. ती तुलनेने शांत असते आणि धूर बेताने दिला तर फारशी अंगावर येत नाही. अनेक अनुभवी मधपाळ सातेरीची पेटी फक्त बुरखा घालून, उघड्या हातांनी तपासतात. अशांना तीन थरांचा पूर्ण पोशाख गरजेचा नसतो. हवेशीर जाळीचं जॅकेट, गोल बुरखा आणि साधी फिकट रंगाची पँट पुरते. पायातून माशी वर चढू नये म्हणून पँटचं टोक मोज्यात खोचायचं, एवढंच.

मेलीफेराच्या वसाहती मोठ्या असतात. एका पेटीत माश्यांची संख्या सातेरीच्या कित्येक पट होऊ शकते. तिथे पूर्ण पोशाख हवा.

इमारतींच्या छज्जांवर, पाण्याच्या टाक्यांखाली लटकणारं मोठं एकच पोळं असतं ते आग्या माशीचं. ती पाळीव नाही आणि चिडली की शेकडोंच्या संख्येने पाठलाग करते. एकाच जागी अनेक माश्या बसल्या, जाळी दाबली गेली, की तीन मिलिमीटरची नांगी पोहोचण्याची शक्यता वाढते. बाजारातला हवेशीर पोशाख हा पेटीतल्या माश्यांसाठी बनवलेला असतो. तो अंगावर आहे म्हणून आग्या पोळ्याला हात लावणं जिवावर बेतू शकतं.

एका सकाळचा हिशेब

समजा बदलापूरजवळच्या एका वाडीत सातेरीच्या दहा पेट्या आहेत. एक पेटी उघडून सात-आठ फ्रेम पाहायला आठ ते दहा मिनिटं लागतात. म्हणजे एकूण काम सुमारे दीड तासाचं.

हेच काम साडेदहाला सुरू केलं, तर ते बारा वाजता संपेल. तोवर तापमान 37-38 अंशांवर गेलेलं असेल. अशा उन्हात वाकून काम करताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो. दीड तासात जवळपास लिटरभर. बुरखा काढायचा नाही म्हणून या काळात पाणी प्यायलं जात नाही. सातव्या-आठव्या पेटीपाशी हात थरथरू लागतात, फ्रेम निसटते, माश्या चिडतात. त्यात उन्हात तापलेलं नवं मेण मऊ झालेलं असतं. मधाने भरलेलं पोळं आडवं धरलं तर फ्रेममधून तुटून पडू शकतं.

तेच काम साडेसातला सुरू केलं, तर नऊच्या सुमारास संपतं. तापमान तिशीच्या आसपास, म्हणजे त्वचेपेक्षा कमी असतं. त्यामुळे घामाखेरीज नुसता वाराही अंग थंड करतो. पाचव्या पेटीनंतर वीस-पंचवीस पावलं लांब सावलीत जाऊन बुरखा उघडायचा, ग्लास-दोन ग्लास पाणी प्यायचं आणि पुढच्या पाच पेट्या घ्यायच्या.

या दोन सकाळींमधला फरक कोणत्याही पोशाखाने भरून निघत नाही. सुती पोशाख घालून साडेसातला केलेलं काम हवेशीर पोशाख घालून साडेदहाला केलेल्या कामापेक्षा सोपं जातं. हवेशीर पोशाखाचा खरा उपयोग तेव्हा, जेव्हा वेळ निवडता येत नाही. उदाहरणार्थ, पेट्या जास्त आहेत किंवा मध काढायचं काम दुपारपर्यंत लांबणार आहे.

चक्कर उन्हाची की डंखाची?

पोशाखाच्या आत माणसाला अस्वस्थ वाटू लागलं, तर कारण ओळखणं महत्त्वाचं. उष्माघाताकडे नेणारा थकवा आणि डंखाची तीव्र ॲलर्जी, दोन्हींत चक्कर, मळमळ, धडधड आणि अशक्तपणा येतो.

डंख बसल्यानंतर काही मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ किंवा जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, श्वास लागला, तर ती ॲलर्जी समजावी. ही वेळ घरगुती उपायांची नाही. 108 क्रमांकावर फोन करून ताबडतोब रुग्णालय गाठायचं. गांधी नाहीत, सूज नाही, पण डोकं दुखतंय, पायात गोळे येतायत, घाम धो-धो वाहतोय, तर उन्हाचा त्रास असण्याची शक्यता जास्त. सावलीत नेऊन पोशाख पूर्ण काढायचा, अंगावर पाणी मारायचं, वारा घालायचा, थोडं थोडं पाणी किंवा ओआरएस द्यायचं. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात. तिथेही 108 हाच मार्ग. दोन्हींत शंका असेल तर ॲलर्जी धरूनच चालावं.

डंख बसला असेल तर नांगी शक्य तितक्या लवकर काढायची. माशी उडून गेली तरी नांगीला जोडलेली विषाची पिशवी काही सेकंद विष ढकलत राहते. नखाने खरवडून काढली की चिमटीत धरून, याने फारसा फरक पडत नाही. किती लवकर काढली याने पडतो.

विकत घेताना काय तपासायचं?

दुकानात किंवा घरी पार्सल आल्यावर पाच मिनिटांत पुढच्या गोष्टी पाहता येतात.

कापड तोंडासमोर धरून फुंकर मारा. पलीकडच्या तळहाताला वारा लागला पाहिजे. काही स्वस्त पोशाखांत पाठ आणि छाती जाळीची, पण बाह्या आणि पाय साध्या कापडाचे असतात. सगळीकडे फुंकून पाहा.

कापड अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा आणि सोडा. ते लगेच फुगून परत आलं पाहिजे. दाबलेलं तसंच राहिलं तर मधला थर थोड्याच दिवसांत चपटा होईल.

पोशाख घालून खाली बसा, हात वर करा, पुढे वाका. घोट्यापाशी आणि मनगटापाशी त्वचा उघडी पडते का, जाळी नाकाला टेकते का, ते पाहा.

वजन पाहा. तीन थरांचा पोशाख सुती पोशाखापेक्षा जड असतो. खांद्यांवर सगळा भार आला तर तिथेच थर चपटे होतात.

धुण्याचा प्रश्नही आधीच विचारात घ्यावा. जाळीत अडकलेल्या नांग्यांचा वास पुढच्या वेळी माश्यांना चिडवतो, म्हणून पोशाख नियमित धुवायलाच हवा. बुरखा वेगळा काढून हाताने धुवायचा. बाकीचा भाग कोमट पाण्यात धुण्याच्या सोड्यात भिजवून, न पिळता, सावलीत उलटा टांगायचा. कडक पिळणं आणि उन्हात तापवणं, दोन्हींनी मधला स्पंज तुटायला लागतो. धुतलेल्या पाण्यात बारीक चुरा दिसू लागला, की तो थर संपत आलाय असं समजावं. बाहेरून पोशाख नवा दिसत असला तरी आतलं अंतर तेव्हा कमी झालेलं असतं, आणि डंख अडवतं ते हे अंतरच.